सिमँटिक कॅशेतले जुने उत्तर कधी द्यावे आणि कधी देऊ नये

प्रश्न: ऑनलाइन बॅकअप सेवेच्या मदत-दस्तऐवजांवर आमची प्रश्नोत्तर प्रणाली चालते. खर्च कमी व्हावा म्हणून आम्ही सिमँटिक कॅशे बसवली. नव्या प्रश्नाचे जुन्या प्रश्नाशी कोसाइन साम्य ०.९० च्या वर असेल तर साठवलेले उत्तर देतो, आणि उत्तर साठवून ठेवण्याची मुदत, म्हणजे टीटीएल, २४ तास आहे. खर्च उतरला, पण दोन तक्रारी आल्या. एकाला दुसऱ्याच योजनेचे उत्तर मिळाले, तर दुसऱ्याला बदललेल्या नियमाचे जुने उत्तर मिळाले. थ्रेशोल्ड ०.९५ आणि टीटीएल एक तास केला तर भागेल का?

उत्तर:

भागणार नाही. दोन्ही बदलांनी चुका काही प्रमाणात कमी होतील, पण त्याहून कितीतरी अधिक प्रमाणात कॅशेचा उपयोग कमी होईल, आणि ज्या प्रकारच्या चुकांमुळे तक्रारी आल्या त्या चुका नेमक्या शिल्लक राहतील. तुमच्या रचनेत साम्याचा एकच आकडा दोन स्वतंत्र प्रश्नांचा निकाल लावतो आहे. दोन माणसांनी एकच गोष्ट विचारली आहे का, हा पहिला प्रश्न. आणि ते उत्तर ज्या मजकुरावर उभे होते तो मजकूर आजही तसाच आहे का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर त्या आकड्यातून अर्धवटच मिळते आणि दुसऱ्याचे तर मुळीच मिळत नाही. म्हणून कॅशेत सापडलेली नोंद ही केवळ उमेदवार मानावी आणि वापरकर्त्यापुढे ठेवण्याआधी तिची दोनदा तपासणी करावी, अशी रचना मी सुचवेन.

आधी साम्याचा आकडा का फसवतो ते तुमच्याच क्षेत्रातल्या उदाहरणावर पाहू. समजा, कॅशेत हा प्रश्न उत्तरासह साठवलेला आहे: ‘साध्या योजनेत हटवलेली फाइल किती दिवसांपर्यंत परत मिळवता येते?’ उत्तर आहे, ३० दिवस. आता दोन नवे प्रश्न येतात. पहिला: ‘व्यावसायिक योजनेत हटवलेली फाइल किती दिवसांपर्यंत परत मिळवता येते?’ दुसरा: ‘माझा बेसिक प्लॅन आहे, चुकून डिलीट झालेलं डॉक्युमेंट रिकव्हर करायला किती वेळ असतो?’ माणसाला लगेच कळते की दुसरा प्रश्न साठवलेल्या प्रश्नाशी जुळतो आणि पहिला जुळत नाही. एम्बेडिंग मॉडेल मात्र संपूर्ण वाक्याचा आशय आकड्यांच्या एका मालिकेत, म्हणजे व्हेक्टरमध्ये, मिसळून टाकते. पहिल्या प्रश्नात एक शब्द वगळता सारे काही तेच असल्यामुळे त्याचे साम्य ०.९६ येऊ शकते, आणि दुसऱ्यात शब्दरचना, बोलीचा ढंग आणि इंग्रजी उसने शब्द असल्यामुळे ०.८७. हे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, मॉडेलनुसार ते बदलतील. पण असा उलटा क्रम लागणे ही अपवादात्मक गोष्ट नाही. तुमच्या लॉगमधल्या अशा दहा-वीस जोड्या स्वतः तपासून पाहिल्या की खात्री पटेल.

क्रम उलटा असेल तर कोणताही थ्रेशोल्ड या दोन जोड्यांना योग्य बाजूंना विभागू शकत नाही. ०.९५ वर चुकीची जोडी आत येते आणि बरोबर जोडी बाहेर राहते. ०.९७ वर दोन्ही बाहेर राहतात, म्हणजे तुमची कॅशे जवळजवळ शब्दशः सारख्या प्रश्नांपुरती उरते, आणि त्यासाठी एम्बेडिंगची गरजच नव्हती. प्रश्नातली विरामचिन्हे व जादा मोकळ्या जागा काढून त्याचा हॅश घेतला असता तरी चालले असते. ठरावीक प्रकारचे फरक एम्बेडिंगमध्ये अनेकदा फिके पडतात: आकडे आणि आवृत्ती क्रमांक, नकार, ‘चालू’ आणि ‘बंद’ किंवा ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांसारख्या विरुद्धार्थी जोड्या, एकाच वर्गातली नावे, आणि दिशा. ‘आवृत्ती ४ वरून ५ वर कसे जावे’ आणि ‘आवृत्ती ५ वरून ४ वर कसे जावे’ यांत शब्द तेच आहेत, काम मात्र अगदी उलट आहे.

यावर पहिली तपासणी अशी. प्रश्नातले जे घटक बदलले की उत्तर बदलते, ते वेगळे काढून नोंदीसोबत साठवावेत आणि साम्य कितीही असले तरी ते तंतोतंत जुळल्याशिवाय जुने उत्तर देऊ नये. तुमच्या बाबतीत योजनेचे नाव, उपकरणाची प्रणाली, आवृत्ती, एककासह आकडे, फाइल की फोल्डर, स्वतःची की इतरांनी शेअर केलेली, आणि वाक्यातला नकार, एवढे घटक सुरुवातीला पुरेत. ते काढण्यासाठी मोठ्या मॉडेलची गरज नाही. पर्यायी नावांचा एक छोटा कोश आणि काही रेग्युलर एक्स्प्रेशन यांवर बरेच काम होते. ‘बेसिक प्लॅन’ आणि ‘साधी योजना’ कोशात एकाच नावाखाली आले की वरच्या उदाहरणातला दुसरा प्रश्न तपासणीत उत्तीर्ण होतो आणि पहिला अडतो. याचा आणखी एक फायदा असा की घटकांची तपासणी कडक असल्यामुळे साम्याचा थ्रेशोल्ड थोडा खाली आणता येतो आणि बोलभाषेत विचारलेले प्रश्नही कॅशेत सापडू लागतात.

घटक एका प्रश्नात असेल आणि दुसऱ्यात नसेल तर काय करावे, यावर बहुतेक रचना घसरतात. ‘हटवलेली फाइल किती दिवस परत मिळते?’ या प्रश्नात योजनेचा उल्लेखच नाही. तरीही प्रणाली वापरकर्त्याच्या खात्यातून योजना ओळखून उत्तर देत असेल, तर ते उत्तर त्या योजनेपुरतेच खरे असते, पण कॅशेत ते सर्वांसाठीचे उत्तर म्हणून साठवले जाते. तुमची पहिली तक्रार अशाच वाटेने आलेली असण्याची दाट शक्यता आहे, म्हणून ती नोंद कोणत्या खात्याच्या प्रश्नातून तयार झाली ते आधी पाहा. नियम साधा आहे: उत्तर तयार करताना मॉडेलपुढे प्रश्नाव्यतिरिक्त जे जे ठेवले होते, ते सारे कॅशेच्या किल्लीत आले पाहिजे. खात्याची योजना, भाषा, वापरकर्त्याला कोणते दस्तऐवज पाहण्याचा अधिकार आहे तो गट, सिस्टीम प्रॉम्प्टची आवृत्ती, एम्बेडिंग मॉडेलचे नाव, हे सारे त्यात मोडते. अधिकाराचा मुद्दा तर सुरक्षेचा आहे. तिथे साम्य मोजण्याआधीच गट वेगळे व्हायला हवेत, शोध झाल्यानंतर गाळणी लावणे पुरेसे नाही. संभाषणातल्या पुढच्या प्रश्नांचेही तेच. ‘आणि फोल्डरचं काय?’ हा प्रश्न जसाच्या तसा कॅशेत कधीही टाकू नये. आधीच्या संभाषणावरून तो पूर्ण, स्वतंत्र प्रश्न म्हणून लिहून घ्यावा आणि मगच त्याचे एम्बेडिंग करावे.

आता दुसरी तक्रार, म्हणजे शिळे उत्तर. टीटीएल हे घड्याळावर चालते आणि दस्तऐवज मात्र कोणी संपादित केल्यावर बदलतात. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीही संबंध नाही. नियम सहा महिने बदलला नाही तरी तुमची कॅशे दर तासाला योग्य उत्तर फेकून देत राहील, आणि नियम सकाळी दहा वाजता बदलला तर जवळपास अकरा वाजेपर्यंत चुकीचे उत्तर देत राहील. हटवलेल्या फाइलची मुदत ३० वरून १४ दिवसांवर आली असेल, तर त्या तासात ज्याला ‘३० दिवस’ असे उत्तर मिळाले तो विसाव्या दिवशी फाइल परत मिळवायला येईल आणि ती कायमची गेलेली असेल. चूक तासाभराची होती, नुकसान मात्र तीन आठवड्यांनी दिसते, त्यामुळे तक्रारीवरून कारण शोधणेही अवघड होते.

यावर अनेकांना सुचणारा उपाय असा की प्रत्येक उत्तरासोबत ते कोणत्या मजकुराच्या तुकड्यांवरून तयार झाले त्याची यादी साठवावी, आणि तुकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेली उत्तरे रद्द करावीत. हा उपाय चांगला आहे आणि तो करावाच, पण त्यात एक मोठे भोक राहते. नवा दस्तऐवज आला, तर जुना एकही तुकडा बदललेला नसतो. समजा, ‘या महिन्यापासून साध्या योजनेची मुदत १४ दिवस’ अशी घोषणा वेगळ्या पानावर प्रसिद्ध झाली आणि जुने पान कोणी सुधारलेच नाही. अवलंबित्वाच्या यादीनुसार जुने उत्तर अजूनही वैध ठरते, वास्तविक आज नव्याने शोध घेतला असता तर ते नवे पान सर्वात वर आले असते.

‘याबद्दल माहिती उपलब्ध नाही’ हे उत्तर कॅशेत गेले तर याचेच अधिक त्रासदायक रूप दिसते. अशा उत्तराला आधाराचा एकही तुकडा नसतो, म्हणून कोणत्याही बदलाने ते रद्द होत नाही. लेखक ती उणीव भरून काढणारे पान लिहितात, ते इंडेक्समध्ये येते, आणि तरीही प्रणाली ‘माहिती नाही’ असेच सांगत राहते. नकारार्थी उत्तरे शक्यतो साठवूच नयेत. साठवायचीच असतील तर इंडेक्समध्ये काहीही नवे आले की ती सरसकट काढून टाकावीत.

या सगळ्यावर मला सर्वात भरवशाचा वाटणारा उपाय म्हणजे उमेदवार सापडल्यावरही दस्तऐवजांचा शोध दर वेळी नव्याने घेणे. पहिल्यांदा ऐकताना हे विचित्र वाटते, कारण कॅशे असताना शोध कशाला, असा प्रश्न मनात येतो. पण तुमच्या प्रणालीत वेळ आणि पैसा नेमका कुठे जातो ते पाहा. व्हेक्टर शोधाला साधारणपणे काही मिलिसेकंदच लागतात आणि प्रश्नाचे एम्बेडिंग तर कॅशेसाठी आधीच झालेले असते. उत्तर तयार करायला मात्र काही सेकंद लागतात आणि जवळजवळ सारा खर्च तिथेच होतो. कॅशेने वाचवायचे आहे ते उत्तर-निर्मितीचे काम. शोध वाचवण्याच्या हट्टापायी आपण शिळेपणा ओळखण्याचे एकमेव थेट साधन गमावतो. रचना थोडक्यात अशी दिसेल:

```python
slots = extract_slots(q)
ev = retrieve(q, scope)
for c in cache.nearest(q_vec, scope, k=3, min_sim=0.85):
    if c.slots == slots and evidence_ok(c, ev):
        return c.answer
ans = generate(q, ev)
if ans.cited:
    cache.put(q_vec, slots, ev, ans, scope)
return ans
```

यातले `evidence_ok` विचारपूर्वक लिहावे लागते. जुन्या आणि नव्या शोधातले पहिले पाच तुकडे तंतोतंत सारखेच असावेत अशी अट घातली तर कॅशे जवळपास बंद पडेल, कारण शब्दरचना थोडी बदलली तरी चौथ्या-पाचव्या जागेवरचे तुकडे अदलाबदल होत असतात आणि त्यांचा उत्तराशी बहुधा संबंधही नसतो. म्हणून उत्तराने प्रत्यक्ष ज्यांचा आधार घेतला तेवढेच तुकडे पाहावेत. दोन अटी पुरतात. पहिली, आधाराचे सर्व तुकडे नव्या शोधातही आले पाहिजेत आणि त्यांचा मजकूर बदललेला नसावा. दुसरी, आधाराच्या तुकड्यांच्या वर असा कोणताही तुकडा आलेला नसावा जो जुन्या शोधात नव्हता. वरच्या घोषणेच्या उदाहरणात पहिली अट पूर्ण होते, पण नवे पान पहिल्या क्रमांकावर आल्यामुळे दुसरी अट मोडते, नोंद नाकारली जाते आणि उत्तर नव्याने तयार होते. या अटींमुळे काही वेळा विनाकारण नवे उत्तर तयार होईल, पण त्याची किंमत एका विनंतीएवढीच आहे.

मजकूर बदलला की नाही हे तुकड्याच्या क्रमांकावरून किंवा ‘शेवटचा बदल’ या तारखेवरून ठरवू नका. संपूर्ण इंडेक्स पुन्हा बांधला की तारखा सगळ्याच बदलतात आणि क्रमांकही बदलू शकतात, त्यामुळे एका रात्रीत सारी कॅशे निरुपयोगी ठरते. तुकड्याच्या स्वच्छ केलेल्या मजकुराचा हॅश साठवावा. हा हॅश शोधाच्या क्षणी मिळालेल्या मजकुराचाच असला पाहिजे. उत्तर तयार होण्यात काही सेकंद जातात. त्या अवधीत पान बदलले आणि हॅश नंतर घेतला, तर जुन्या मजकुरावरचे उत्तर नव्या हॅशसह साठवले जाते आणि पुढे प्रत्येक तपासणीत ते निर्दोष दिसते. ही चूक फार क्वचित घडते, पण घडली तर टीटीएल संपेपर्यंत दुसरे काहीही तिला पकडू शकत नाही. टीटीएल ठेवण्याचे खरे कारण हेच, आणि त्यासाठी एक-दोन दिवसांचा टीटीएल पुरेसा आहे.

आधार-तपासणी आणि घटक-तपासणी यांपैकी एकच ठेवून चालेल का, असे विचाराल तर चालणार नाही. तुमच्या दस्तऐवजात सर्व योजनांच्या मुदती बहुधा एकाच तक्त्यात असतील आणि तो तक्ता एकाच तुकड्यात असेल. साध्या आणि व्यावसायिक योजनेच्या प्रश्नांना तोच तुकडा सापडेल, हॅश जुळेल, आणि आधार-तपासणी निर्धास्तपणे चुकीचे उत्तर पुढे पाठवेल. तिथे घटक-तपासणीच कामी येते. उलट, प्रश्न अक्षरशः तोच असेल आणि नियम बदललेला असेल, तर घटक-तपासणीला काहीच दिसत नाही.

या दोन्हींनंतर दोन्ही प्रश्न एकत्र वाचून अर्थाची बारीक तपासणी करणारे क्रॉस-एन्कोडर मॉडेल लावण्याचा सल्लाही तुम्हाला मिळेल. `GPTCache` या मुक्तस्रोत प्रकल्पात व्हेक्टर शोध आणि साम्याचे मूल्यमापन हे दोन स्वतंत्र भाग ठेवले आहेत ते याच विचाराने. उपाय योग्य आहे, फक्त मॉडेल निवडताना काळजी घ्या. शोधाचे निकाल पुन्हा क्रमवार लावण्यासाठी शिकवलेली मॉडेल ‘हा मजकूर या प्रश्नाशी संबंधित आहे का’ एवढेच सांगतात, आणि साध्या योजनेचा प्रश्न व्यावसायिक योजनेच्या प्रश्नाशी संबंधित तर आहेच. दोन प्रश्न एकच आहेत का, हे ओळखण्यासाठी शिकवलेले मॉडेल हवे, आणि तेही तुमच्या क्षेत्रातल्या जोड्यांवर तपासून घेतलेले.

थ्रेशोल्डचा आकडा मग कसा ठरवायचा? दुसऱ्या कोणाच्या लेखातला आकडा उचलू नका, कारण प्रत्येक एम्बेडिंग मॉडेलची पट्टी वेगळी असते. एका मॉडेलचे ०.९० दुसऱ्याच्या ०.७५ इतके सैल असू शकते. सॉफ्टवेअर लायब्ररी बदलतानाही नीट पाहा: काही ठिकाणी साम्य द्यावे लागते, तर काही ठिकाणी अंतर. उदाहरणार्थ, `RedisVL` मध्ये `distance_threshold` असते, त्यामुळे तिथे आकडा वाढवला की कॅशे सैल होते.

स्वतःच्या लॉगमधून प्रश्नांच्या जोड्या काढाव्यात आणि विषय जाणणाऱ्या माणसाकडून प्रत्येक जोडीवर एकच शेरा घ्यावा: पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला जसेच्या तसे दिले तर ते पूर्ण आणि बरोबर ठरेल का? जोड्या सरसकट निवडल्या तर त्यांत शब्दशः पुनरावृत्ती भरमसाट येतील आणि चुकांचे प्रमाण फसवे कमी दिसेल, म्हणून थ्रेशोल्डच्या लगतच्या पट्ट्यातल्या, समजा ०.८५ ते ०.९२ मधल्या, जोड्या मुद्दाम अधिक घ्याव्यात. किती जोड्या तपासाव्यात याचाही हिशेब आहे. ३०० जोड्यांत एकही चूक सापडली नाही, तर ९५ टक्के खात्रीने एवढेच म्हणता येते की चुकांचे प्रमाण १ टक्क्याच्या आत आहे. पन्नास जोड्या पाहून ‘चूक नाही’ असा निष्कर्ष काढला तर प्रत्यक्ष प्रमाण ६ टक्क्यांच्या घरातही असू शकते.

चालू प्रणालीवर नजर ठेवण्यासाठी हिटचे, म्हणजे कॅशेतून उत्तर मिळण्याचे, प्रमाण हे मोजमाप निरुपयोगी आहे, किंबहुना दिशाभूल करणारे आहे, कारण चुकीची उत्तरेही त्यात यश म्हणूनच मोजली जातात. कॅशेतून दिलेल्या उत्तरांपैकी एक-दोन टक्क्यांसाठी पाठीमागे संपूर्ण प्रक्रिया पुन्हा चालवावी आणि दोन्ही उत्तरांतले आकडे, नावे व होकार-नकार जुळतात का ते पाहावे. विसंगत जोड्या रोज एका माणसाने वाचाव्यात. घटकांच्या कोशात कोणता शब्द राहून गेला ते त्यांवरूनच कळते. वापरकर्त्याने कॅशेतले उत्तर मिळताच तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारला, तर तीही खूण जपून नोंदवावी. तक्रार करणारे थोडे असतात, पुन्हा विचारणारे पुष्कळ.

आणखी एक सवय पहिल्यापासून टाळा. हिट मिळाल्यावर नवा प्रश्नही त्याच उत्तरासह कॅशेत साठवावा, म्हणजे व्याप्ती वाढेल, असे वाटते. तसे केले की दुसऱ्या प्रश्नाशी तिसरा जुळतो, तिसऱ्याशी चौथा, आणि प्रत्येक पायरी थ्रेशोल्डच्या आत असूनही चौथ्या प्रश्नाचा पहिल्याच्या उत्तराशी काही संबंध उरत नाही. ज्या प्रश्नासाठी उत्तर प्रत्यक्ष तयार झाले, फक्त तोच किल्ली म्हणून ठेवावा.

आज तुमच्या कॅशेत ज्या नोंदी आहेत, त्यांच्यासोबत ना घटक साठवलेले आहेत ना आधाराचे हॅश, त्यामुळे त्यांपैकी कोणती नोंद खरी आणि कोणती शिळी हे तपासण्याचा मार्गच नाही. थ्रेशोल्ड बदलण्याआधी ती कॅशे पूर्ण रिकामी करा. खात्याची शिल्लक, सेवेत सध्या आलेल्या व्यत्ययाची स्थिती, ‘आज’ किंवा ‘सध्या’ असे शब्द असलेले प्रश्न, अशा वर्गांना कॅशेतून कायमचे वगळा. नव्या रचनेत पहिले काही दिवस कॅशेतले उत्तर प्रत्यक्ष देऊ नका. प्रत्येक प्रश्नाला नवे उत्तर द्या आणि कॅशेने काय दिले असते ते फक्त नोंदवा. त्या नोंदींतूनच वर सांगितलेल्या ३०० जोड्या मिळतील.